मदत हवी आहे: टॅलीला ४१ एंडोर्समेंट, आणि मला जायचंय एफपी अँड ए मध्ये

शिल्लकपत्रक

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका ऑटो पार्टच्या कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्सला आहे. सीएमए इंटर झालंय. पहिली पाच वर्षं व्हाउचर, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन यात गेली. गेली चार वर्षं काम बदललंय: दर महिन्याला प्लांटचं बजेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवायचा, फरक कुठून आला ते शोधून टिपण लिहायचं, तिमाहीचा अंदाज काढायचा, डायरेक्टरांसाठी एमआयएस करायचा. पद मात्र अजून सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच. आता पुण्यात एफपी अँड ए, म्हणजे आर्थिक नियोजन आणि विश्लेषण, यात अॅनालिस्टची जागा शोधतेय.

लिंक्डइनवरचा स्किल्सचा भाग आज नीट उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला. वरून खाली, ओळखीच्यांनी दिलेल्या एंडोर्समेंटच्या आकड्यांसह, असं आहे:

Tally ERP – ४१
Microsoft Office – ३८
Accounting – ३३
Customer Service – १९ (हे मी कधी टाकलं देव जाणे)
Taxation – १७
Microsoft Excel – ९
Budgeting – २
Variance Analysis – ०

खाली आणखी बरीच, एकूण २७. मला जे काम हवंय त्याच्या नावापुढे शून्य आणि जे सोडायचंय त्याच्यापुढे ४१. क्रम कसा लावू? जुनी उडवली तर आकडे जातात का? आणि शून्यवालं वर ठेवलं तर हसं होईल का?

घाटावरचा रवी

ताई, आकडे जास्त ते वर ठेवा, सरळ हिशेब. बघणाऱ्याची नजर आधी आकड्यावर जाते. ४१ लोक खोटं बोलतील का? शून्य वर ठेवलंत तर नवशिके वाटाल. माझ्या प्रोफाइलवर एसएपीला ६० आहेत, तेच वर ठेवलंय, फोन येतात.

उमेशकाका

शिल्लकपत्रक, सीव्हीत की-स्किल्स नेहमी पहिल्या पानावर, नावाच्या खाली टाकावीत. आणि नोकरी डॉट कॉमवर दर आठवड्याला प्रोफाइल अपडेट करत जा, वर दिसतं. माझ्या पुतण्याला तसंच काम मिळालं.

शिल्लकपत्रक

काका, सीव्ही वेगळा केलाय. प्रश्न लिंक्डइनच्या एंडोर्समेंटचा आहे. पण नोकरीवरचं लक्षात ठेवते.

कॉलबॅक

बारा वर्षं फायनान्सच्या जागा भरतोय, म्हणून थोडं सविस्तर.

रवी म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. त्यांना एसएपीचंच काम हवंय, म्हणून ६० वर असणं बरोबर. तुमचं उलट आहे. तुमचं प्रोफाइल उघडल्यावर स्किल्सच्या भागात मला आधी फक्त दोन ओळी दिसतात, बाकीच्या बघायला Show all दाबावं लागतं. मी दर वेळी दाबत नाही. त्या दोन ओळी टॅली आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस असतील तर माझ्या डोक्यात तुम्ही ‘बुककीपिंगवाल्या’. मग खालचं कितीही चांगलं असो, मी पुढच्या माणसाकडे गेलेलो असतो. ४१ चा आकडा इथे तुमच्याविरुद्धच बोलतो.

खरं सांगायचं तर एंडोर्समेंट मोजून मी कुणाला बोलावत नाही. दोन क्लिकचं काम असतं ते, भाऊबंद एकमेकांना देतात. पण उमेदवार अॅनालिस्ट म्हणवतो, आणि त्याला ओळखणाऱ्यांनी मात्र दुसऱ्याच गोष्टीची पावती दिलीय, हे चटकन खुपतं. तेवढंच काढून टाकायचंय.

आधी एक काम करा. पुण्यातल्या एफपी अँड ए अॅनालिस्टच्या, चार ते आठ वर्षं अनुभव मागणाऱ्या दहा-बारा जाहिराती उघडा आणि कोणता शब्द किती जाहिरातींत आलाय ते एका एक्सेलमध्ये मोजा. तुम्हाला हे सांगायला नको. आकडे इथे टाका, मग क्रम लावू.

शिल्लकपत्रक

केलं! बारा जाहिराती. बजेटिंग किंवा फोरकास्टिंग ११ मध्ये, एक्सेल ११, व्हेरियन्स अॅनालिसिस ९, एमआयएस किंवा मॅनेजमेंट रिपोर्टिंग ८, पॉवर बीआय ६, फायनान्शियल मॉडेलिंग ५, एसएपी ४. टॅली दोनच ठिकाणी, तेही छोट्या कंपन्यांत. टॅक्सेशन एकात. कस्टमर सर्व्हिस अर्थातच कुठेच नाही.

पॉवर बीआय थोडं येतं, आमचा स्क्रॅपचा डॅशबोर्ड मीच केलाय. मॉडेलिंगचा मात्र नुसता कोर्स केलाय.

कॉलबॅक

आता यादीतल्या प्रत्येकापुढे दोन प्रश्न. जाहिरातींत आहे का? आणि मुलाखतीत ‘एखादा किस्सा सांगा’ म्हटलं तर पाच मिनिटं बोलता येईल का? दोन्हींना हो असेल ते वर.

व्हेरियन्स अॅनालिसिस दोन्हींत बसतं, आणि तुमचं चार वर्षांचं काम तेच आहे. ते पहिलं. बजेटिंग दुसरं, त्याला निदान दोन आहेत. मग फोरकास्टिंग, एक्सेल, पॉवर बीआय. मायक्रोसॉफ्ट ऑफिस काहीच सांगत नाही, ते काढा. एक्सेल हे त्याच्या पोटातलं असलं तरी लिंक्डइनला ते वेगळं स्किल आहे. ऑफिसचे ३८ एक्सेलकडे जात नाहीत. मॉडेलिंग तळाला ठेवा किंवा सध्या ठेवूच नका. कोर्सवाल्यांना पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि तिथे माणूस घसरतो.

नाव टाइप करताना खाली सुचवलेल्या यादीतूनच उचला. आपल्या शब्दांत ‘बजेट व्हेरियन्स रिपोर्टिंग’ लिहिलंत तर रिक्रूटर ज्या नावाने गाळतो त्यात ते येईलच असं नाही.

क्रम बदलायला: स्किल्सच्या भागात पेन्सिल, तिथे तीन टिंबांत Reorder, मग ओढून वर-खाली. आणि हे विसरू नका: About च्या खाली Top skills म्हणून पाचपर्यंत स्किल्स वेगळी निवडता येतात. ती About च्या पेन्सिलीतून लावायची. खाली क्रम बदलला म्हणून वरची बदलत नाहीत. अर्धे लोक इथे चुकतात.

शेवटी आताच्या नोकरीच्या नोंदीत व्हेरियन्स, बजेटिंग, फोरकास्टिंग ही स्किल्स जोडा. म्हणजे स्किलच्या खाली ‘हे इथे केलं’ असं दिसतं. शून्य एंडोर्समेंटपेक्षा ती ओळ माझ्या दृष्टीने जड.

घाटावरचा रवी

मान्य, माझी केस वेगळी आहे. पण टॅली उडवू नका ताई. मी एकदा एक स्किल डिलीट केलं तर त्याच्या सगळ्या एंडोर्समेंट गेल्या. परत टाकलं तर शून्यापासून.

कॉलबॅक

बरोबर. टॅली, अकाउंटिंग, टॅक्सेशन फक्त खाली सरकवा. उद्या एखाद्या मध्यम कारखान्याला कंट्रोलरसारखा माणूस हवा असेल तर तेच उपयोगी पडेल. उडवायचं ते कस्टमर सर्व्हिस आणि ऑफिस, ज्यांचं काही गेलं तरी हरकत नाही.

प्रज्ञा, डब्लिन

मी हेच करून आलेय, कॉस्टिंगमधून एफपी अँड ए. माझं म्हणणं, आकड्यापेक्षा कुणी दिलंय ते बघा. मला तेव्हा बजेटिंगवर सातच होत्या, पण त्यात आमच्या प्लांट हेडची आणि जुन्या फायनान्स मॅनेजरची होती. मुलाखतीत मॅनेजर म्हणाला, “अच्छा, यांच्या हाताखाली काम केलंय का?” ओळख निघाली ती तिथेच.

पॉवर बीआयच्या बाबतीत मात्र मी कॉलबॅक यांच्याशी सहमत नाही. इकडे ते एक्सेलच्या वर ठेवतात. एक्सेल सगळ्यांनाच येतं असं गृहीत धरतात.

कॉलबॅक

तिकडे असेल. पुण्यात अजून पहिली चाचणी एक्सेलवरच घेतात. यावर भांडण नको, चौथं-पाचवं काय ते ताईंनी ठरवावं.

मागायचं कसं, तेही सांगतो. आधी क्रम बदला, मग मागा. एंडोर्स करणारा तुमच्या प्रोफाइलवर येतो, त्याला वरची दोन दिसतात, तो तिथेच दाबतो आणि जातो. क्रम न बदलता मागाल तर टॅली ४१ ची ४८ होईल. आणि एंडोर्स फक्त थेट कनेक्शनच करू शकतं. ज्यांच्याकडून हवंय ते जोडलेले आहेत का ते आधी बघा.

शिल्लकपत्रक

तीन आठवड्यांनी आले, हिशेब द्यायला.

क्रम लावला: व्हेरियन्स, बजेटिंग, फोरकास्टिंग, एक्सेल, पॉवर बीआय. कस्टमर सर्व्हिस आणि ऑफिस गेले.

पण आधी गाढवपणा झाला. कॉलबॅक यांचा शेवटचा मेसेज वाचायच्या आधीच मी ग्रुपवर ‘जमलं तर लिंक्डइनवर एंडोर्स करा’ असं टाकून बसले होते. पाच जणांनी केलं, पाचही टॅलीवर. ४६ झाले! एकाने तर फोन करून सांगितलं, “ताई, केलं बरं का.” काय बोलणार त्याला.

मग एकेकट्याला लिहिलं. आमच्या जुन्या प्रॉडक्शन मॅनेजरना असं: ‘सर, २०२२ मध्ये पावडर कोटिंगचा खर्च बजेटच्या १८ टक्के वर गेला होता, तेव्हा आपण गॅसचा वापर आणि रिवर्क वेगळं काढलं होतं. ते काम आठवत असेल तर माझ्या प्रोफाइलवर Variance Analysis ला एंडोर्स कराल का?’ त्यांनी अर्ध्या तासात केलं, वर दोन ओळींची शिफारसही लिहून दिली. मी मागितली नव्हती. असे आठ जणांना लिहिलं, सहा आले. आता व्हेरियन्स ६, बजेटिंग ५.

आताच्या ऑफिसमधल्या कुणालाच मुद्दाम लिहिलं नाही. चहाच्या टपरीपर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही. बदल करायच्या आधी सेटिंगमध्ये प्रोफाइलचे बदल नेटवर्कला कळवणंही बंद करून ठेवलं होतं.

आणि हो, About खाली अजून टॅलीच झळकत होती. बहिणीने मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं. कॉलबॅक यांनी सांगूनही!

आतापर्यंत दोन रिक्रूटरचे मेसेज आलेत. एक खरंच एफपी अँड ए साठी. दुसरा टॅलीवाल्या अकाउंटंटसाठीच, भोसरीत, आताच्यापेक्षा पगार कमी.

उमेशकाका

भोसरीवाला काय वाईट आहे? जवळ पडेल ना.

शिल्लकपत्रक

काका, मी नाशिकला राहते!

एकच शंका उरली. त्या पाचही नव्या टॅलीच्या एंडोर्समेंट मी एकेक करून लपवू शकते असं दिसतंय. लपवाव्यात का? दिल्या त्यांना कळलं तर वाईट वाटेल?

प्रज्ञा, डब्लिन

असू दे गं. खालीच आहे ना ते आता.

घाटावरचा रवी

मी तर लपवल्या असत्या.