मदत हवी आहे: मुलगा एक्स्प्लिसिट गाण्यांचं बटण परत चालू करतो

रानवारा: आमचा स्पॉटिफायचा फॅमिली प्लॅन आहे, पण आठ वर्षांचा मुलगा माझ्याच खात्यावरून गाणी ऐकतो. सेटिंगमध्ये जाऊन मी Allow explicit content बंद केलं. चिरंजीवांनी दोन दिवसांत ते शोधून परत चालू केलं! याला कुलूप लावता येतं का?

खडूफळा: आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये म्युझिक Clean वर ठेवा. सगळी अ‍ॅप्स आपोआप गप्प.

तंबोरा: सगळी नाही हो. ते ऍपल म्युझिकला लागू होतं, स्पॉटिफायला नाही.

रानवारा, जो खातं वापरतो त्याच्याच हातात ते बटण राहतं, म्हणून तुमच्या खात्यावर कुलूप शक्य नाही. प्लॅनमध्ये सहा खाती बसतात, त्यातलं एक मुलाला वेगळं द्या. मग प्लॅन ज्याच्या नावावर आहे त्याने ब्राउझरमधून spotify.com/account उघडायचं, फॅमिलीच्या पानावर मुलाचं नाव निवडायचं आणि तिथून एक्स्प्लिसिट बंद करायचं. तिथून बंद केलेलं मुलाला त्याच्या फोनवरून उघडता येत नाही. नंतर त्याच्या फोनवर E खूण असलेलं एखादं गाणं शोधून बघा. ते फिकट दिसलं आणि वाजलं नाही, की काम झालं.

चिमणचारा: माझी उलटी अडचण. लेकीच्या बडबडगीतांमुळे मला दिवसभर तसलीच गाणी सुचवली जातात 😅

तंबोरा: त्या प्लेलिस्टच्या तीन टिंबांत Exclude from your taste profile आहे, ते दाबा. पण खातं वेगळं केलंत तर हा प्रश्नच उरणार नाही.

रानवारा: खातं केलं, E गाणी फिकट दिसतायत. पण काल त्याने हॉलमधल्या स्पीकरला सांगून तेच गाणं लावलं की!

तंबोरा: स्पीकर तुमच्या खात्याला जोडलेला असणार. गाळणी खात्याला लागते, खोलीला नाही. स्पीकर मुलाच्या खात्याला जोडा, नाहीतर तुमच्या खात्यावरही ते बंद ठेवा.

आणखी एक. E खूण गाणं देणारी कंपनी किंवा कलाकार लावतो. त्यांनी लावलीच नाही तर गाणं सरळ वाजतं. आपल्याकडची द्व्यर्थी गाणी अशीच सुटतात, कारण त्यांत शिवी नसते.

खडूफळा: मग स्पॉटिफाय किड्स घ्या ना. वेगळं अ‍ॅप आहे, त्यात निवडक गाणीच असतात.

रानवारा: लावून पाहिलं. "हे बाळांचं आहे" म्हणून त्याने दहा मिनिटांत बंद केलं. एखादा ठरावीक गायकच त्याच्यासाठी बंद करता येतो का?

तंबोरा: पालकांच्या देखरेखीखालचं मुलांचं खातं काही देशांत सुरू झालंय, त्यात गायक किंवा गाणं अडवता येतं. फॅमिलीच्या पानावर सदस्य जोडताना तो पर्याय दिसतो का बघा.

रानवारा: मला तर दिसत नाहीये. कुणाला दिसतोय का?