प्रतिसाद: लोखंडी बादलीचे तांबडे ओघळ

"बाल्कनीत लोखंडी बादलीखाली टाइल्सवर तांबडे ओघळ आलेत, ब्लीचनेही जात नाहीत. काय करू?"

ब्लीच थांबवा, त्याने गंज उलट पक्का बसतो. आधी ते भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन काढा, कारण पुढे वापरायचं लिंबूसत्व हे आम्ल आहे आणि ब्लीच त्याच्याशी मिसळलं की विषारी वायू सुटतो.

मग किराणा दुकानातल्या दोन चमचे लिंबूसत्वात थेंब थेंब कोमट पाणी घालून दाटसर लेप करा. डागावर लावून वर प्लॅस्टिक दाबा; आपल्या नागपूरच्या उन्हात तो लगेच सुकतो आणि सुकला की काम थांबतं. अर्ध्या तासाने लेप पिवळट दिसला, म्हणजे गंज सुटतोय. नायलॉनच्या ब्रशने घासून धुवा. तारेची घासणी नको, तिचेच कण गंजतात. फरशी शहाबादी किंवा संगमरवरी असेल तर मात्र हे करूच नका, आम्ल दगडच खातं.