बाळाच्या लसीची आठवण: दर महिन्याची नको, दर चार आठवड्यांची लावा (सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा)

बी-३०४ (नवे बाबा): ताई, एक विचारायचं होतं. बाळाचा जन्म ६ जानेवारीचा. दीड महिन्याची लस १८ फेब्रुवारीला होती, पण आम्ही आजोळी सटाण्याला होतो, म्हणून काल २५ ला दिली. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या १८ तारखेची आठवण लावलेली आहे. म्हणजे आता १८ मार्चला जायचं ना?

ए-२०३ (ताई): नाही, १८ मार्चला जाऊ नका. २५ फेब्रुवारी ते १८ मार्च २१ दिवसच होतात. पेंटाच्या दोन डोसमध्ये निदान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस हवेत. पुढची तारीख २५ मार्च.

बी-३०४: पण कार्डावर तर १० आठवडे लिहिलंय. १८ मार्चला १० आठवडे होऊन गेलेले असतील.

ए-२०३ (ताई): १० आठवडे हे वय आहे, पहिला डोस वेळेवर झाला असेल तर. पहिला उशिरा झाला की पुढचा दिवस त्या डोसपासून मोजायचा. पहिला डोस वाया गेलेला नाही, पुन्हा सुरुवातीपासून काहीच करायचं नाही. माझ्या मोठीच्या वेळी मी हीच चूक केली होती. आठवण वाजली म्हणून उन्हात रिक्षाने गेले, सिस्टरनी कार्ड पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

बी-३०४: मग महिन्याची आठवण चालत नाही?

ए-२०३ (ताई): ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींना नाही चालत. तुमचंच बघा. आपल्या केंद्राचा लसीकरणाचा वार बुधवार आहे. १८ फेब्रुवारी बुधवार, १८ मार्चही बुधवार, कारण फेब्रुवारी २८ दिवसांचा आहे. पण १८ एप्रिलला शनिवार. म्हणून Custom मध्ये जाऊन दर ४ आठवड्यांनी, ३ वेळा, असं लावायचं. मग वार कधी बदलत नाही.

सी-१०१ (काकू, निवृत्त परिचारिका): बरोबर सांगते आहे ताई. आणि वाराचं महत्त्व आहे बरं का. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रात मुलं एकत्र बोलावतात. भलत्या दिवशी गेलात तर परत पाठवतील.

बी-३०४: आता लावलेली आठवण पुसून टाकू का?

ए-२०३ (ताई): महिन्याची पुसा. नवी २५ फेब्रुवारीपासून दर ४ आठवड्यांची, ३ वेळा. म्हणजे २५ मार्च आणि २२ एप्रिल येतील. पुढे पुन्हा एखादा डोस पुढे ढकलावा लागला, तर त्या नोंदीची तारीख बदलताना मोबाइल विचारतो, तेव्हा This and following events निवडा. एकटीच नोंद सरकवली तर पुढची जुन्याच तारखेला राहते आणि तुमचे २८ दिवस मोडतात.

बी-३०४: आठवण किती आधी वाजवू? सध्या त्याच सकाळी ९ ला आहे.

ए-२०३ (ताई): त्या सकाळी वाजून उपयोग नाही, ऑफिसला निघालेले असता. एक आठवडाभर आधी, म्हणजे केंद्रात फोन करून सत्र आहे का विचारता येतं. कधी सत्राच्या दिवशीच सुट्टी येते. असं आधी कळायला हवं. दुसरी आदल्या संध्याकाळी, कार्ड पिशवीत टाकायला.

सी-१०१ (काकू): ९ महिन्यांच्या गोवर-रुबेलाला मात्र घाई करू नका. ९ महिने पूर्ण व्हायलाच हवेत. तुमचे ६ ऑक्टोबरला पूर्ण होतात, मंगळवार आहे, म्हणजे ७ ऑक्टोबरचा बुधवार धरा. आधी दिलेला डोस हिशेबात धरत नाहीत.

बी-३०४: आणि दीड वर्षाची?

ए-२०३ (ताई): ती १६ ते २४ महिन्यांत कधीही. तुमचं बाळ ६ मे २०२७ ला १६ महिन्यांचं होतंय, ऐन सुट्टीत. तिची आठवण महिनाभर आधी लावा, गावाला जायचं तिकीट काढण्यापूर्वी. आणि कार्ड सोबत असेल तर दुसऱ्या गावच्या सरकारी केंद्रातही देतात.

सी-१०१ (काकू): त्याच दिवसापासून जीवनसत्त्व अ च्या डोसची वेगळी नोंद करा. दर ६ महिन्यांनी, ८ वेळा. पहिला ९ महिन्यांचा धरून पाच वर्षांपर्यंत एकूण ९ होतात. हाच लोक सगळ्यात जास्त विसरतात, कारण सुई नसते, चमच्याने पाजायचं औषध असतं.

बी-३०४: लावलं सगळं. २५ मार्चच्या नोंदीत आतापासून लिहून ठेवलं आहे: पोलिओचे थेंब, पेंटा, रोटा. बाळाच्या आईच्या मोबाइलवरही शेअर केलं.

ए-२०३ (ताई): छान. लस झाली की त्याच नोंदीत खरी तारीख लिहा आणि कार्डाचा फोटो जोडा. पुढचे २८ दिवस तिथूनच मोजायचे.