मदत हवी आहे: साइट नवी केली, जुन्या ग्राहकांना काय सांगायचं आणि किती?

सुटेभाग_विक्री
यंत्रांचे सुटे भाग विकणारी आमची साइट पूर्ण नव्याने बांधली आहे. पत्ता तोच, मागचं सॉफ्टवेअर वेगळं. नोंदणी केलेले साधारण ६,००० ग्राहक आहेत. त्यांच्यासाठी काय बदलतं ते असं: लॉगिन आता ग्राहक क्रमांकाऐवजी ईमेलने होईल, गेल्या दोन वर्षांच्याच ऑर्डरी नव्या साइटवर दिसतील, पेमेंट गेटवे बदलल्यामुळे साठवलेली कार्डं जातील. निवेदनाचा मसुदा असा आहे:

"आमच्या वेबसाइटचं रूप पालटलं आहे! अधिक आधुनिक, अधिक वेगवान, अधिक सोपी. सुरक्षेच्या कारणास्तव सर्व ग्राहकांनी आपला पासवर्ड त्वरित बदलावा. त्यासाठी इथे क्लिक करा."

खाली बाकीचे बदल आहेत. वाचून कोणी गोंधळणार नाही ना? काय वर घ्यावं, काय गाळावं?

रात्रपाळी
लिंकांकडे आधी बघा. जुनी पानं नव्या पानांकडे ३०१ने वळवली नाहीत तर गूगलवरून येणारे लोक तुटतील. सगळी जुनी पानं मुखपृष्ठावर वळवून टाकू नका, गूगल त्याला पान नसल्यासारखंच धरतं.

सुटेभाग_विक्री
धन्यवाद, पण प्रश्न शोधातून येणाऱ्यांचा नाही. आधीपासून खातं असलेल्यांना काय लिहायचं, हा आहे.

हॅशवाला
पासवर्डचा परिच्छेद ठेवावाच लागेल. जुने पासवर्ड हॅश करून ठेवलेले असतात आणि हॅश उलटा फिरवता येत नाही. त्यामुळे नव्या साइटवर ते आणताच येत नाहीत. सगळ्यांना नवा पासवर्ड करायला लावण्याला पर्याय नाही.

देखभाल
हॅश उलटा फिरत नाही हे बरोबर, पण इथे तो फिरवायची गरजच नाही. नव्या साइटला जुन्याच पद्धतीने पासवर्ड तपासता आला की झालं. @सुटेभाग_विक्री, जुन्या टेबलातला पासवर्डचा रकाना उघडा आणि एका नोंदीची फक्त सुरुवात आणि लांबी सांगा. पूर्ण मजकूर इथे टाकू नका.

सुटेभाग_विक्री
सुरुवात `$2y$10$`, एकूण ६० अक्षरं.

देखभाल
म्हणजे बीक्रिप्ट. बहुतेक नव्या प्रणाली हा हॅश जसाच्या तसा स्वीकारतात. काही लायब्रऱ्या `$2y$` पाहून अडतात. तिथे सुरुवातीचं `$2y$` बदलून `$2b$` केलं की चालतं, बाकी अक्षरांना हात लावायचा नाही.

हे करण्याआधी एक चाचणी घ्या. जुन्या साइटवर एक खातं उघडा आणि त्याच्या पासवर्डात मोठं इंग्रजी अक्षर आणि शेवटी एक मोकळी जागा ठेवा. तो हॅश नव्या साइटवर नेऊन त्याच पासवर्डने आत शिरून बघा. काही जुन्या साइट हॅश करण्याआधी मोकळी जागा काढून टाकतात किंवा सगळी अक्षरं लहान करतात. तसं असेल तर हॅश बरोबर असूनही काही थोड्या ग्राहकांनाच "पासवर्ड चुकीचा" येईल आणि कारण शोधताना दमछाक होईल. चाचणी पास झाली तर मसुद्यातला तो परिच्छेद अख्खा काढा.

तो नाहीतरी धोक्याचाच आहे. "सुरक्षेच्या कारणास्तव त्वरित बदला, इथे क्लिक करा" ही नेमकी फसव्या मेलची भाषा. सावध ग्राहक तो मेल उडवून टाकतील, बाकीच्यांना असा मेल आला की क्लिक करायचं अशी सवय लागेल.

हॅशवाला
मान्य, बीक्रिप्ट असेल तर जमेल. पण बदलायला लावायचंच ठरलं, तर प्रत्येकाला त्याची स्वतःची रीसेट लिंक पाठवणं सोपं नाही का?

देखभाल
सोपं दिसतं, पण दोन ठिकाणी फसतं. अशा लिंकची मुदत सहसा काही तासांची असते आणि घोषणेचा मेल लोक तीन दिवसांनी उघडतात. दुसरं म्हणजे, अनेक कार्यालयांत मेल तपासणारी यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघते. लिंक नुसती उघडताच "वापरली" म्हणून नोंद होत असेल, तर माणसाच्या हाती येईपर्यंत ती मेलेली असते. यांचे ग्राहक कारखाने आणि कार्यालयंच असणार. त्यापेक्षा लिहा: पत्ता स्वतः टाइप करा आणि "पासवर्ड विसरलात?" दाबा.

रात्रपाळी
माझा मुद्दा ग्राहकांनाही लागू होतो बरं का. जुन्या मेलमधल्या "तुमची ऑर्डर पाहा" या लिंका कुठे जाणार?

देखभाल
हा मुद्दा खरंच महत्त्वाचा. ऑर्डर क्रमांक तेच राहणार असतील तर एनजिन्क्समध्ये एवढं पुरे:

```
location = /order.php {
    return 302 /account/orders/$arg_id;
}
```

आधी ३०२ ठेवून तपासा, मगच ३०१ करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीचं ३०१ दुरुस्त करूनही ग्राहकाला बराच काळ चुकीचंच पान दिसू शकतं. लॉगिन केल्यावर तो त्याच ऑर्डरवर पोचतो का, तेही बघा. पुष्कळदा मुखपृष्ठावर नेऊन सोडतात.

निवेदन मी असं लिहीन:

"१२ तारखेपासून आमची साइट नव्या रूपात दिसेल. पत्ता तोच: example.com. लॉगिन करताना ग्राहक क्रमांकाच्या जागी ईमेल लिहा. पासवर्ड जुनाच चालेल. पासवर्ड बदला असं सांगणारा मेल आम्ही पाठवणार नाही. दोन वर्षांपूर्वीची बिलं हवी असतील तर ११ तारखेपर्यंत सध्याच्या साइटवरून उतरवून घ्या. कार्टमध्ये ठेवलेल्या वस्तू पुढे येणार नाहीत. कार्डाची माहिती पुढची खरेदी करताना एकदा भरावी लागेल, त्याआधी काही करायची गरज नाही. पत्ते आणि चालू ऑर्डरी जशाच्या तशा आहेत."

"आधुनिक, वेगवान" हे त्यांना वापरताना कळेलच. तारखेला बांधलेलं काम मात्र ठळक अक्षरांत टाका. बिलं उतरवायची मुदत चुकली तर भरून निघत नाही.

कोरी_पाटी
आठवडाभर आधी कळवू नका. लोक लगेच नव्या पद्धतीने लॉगिन करायला जातात आणि जुनी साइट ईमेल स्वीकारत नाही. त्याच दिवशी कळवा.

देखभाल
बिलांची मुदत आहे, त्यामुळे आधी कळवणं भाग आहे. दोन मेल करा: पहिल्यात फक्त बिलांचं आणि तारखेचं, दुसऱ्यात लॉगिनचं. दुसरा १२ तारखेला, साइट चालू झाल्यावरच. @सुटेभाग_विक्री, एकच ईमेल दोन ग्राहक क्रमांकांवर आहे का, ते पाहिलंत?

```
SELECT LOWER(TRIM(email)), COUNT(*)
FROM customers
GROUP BY LOWER(TRIM(email))
HAVING COUNT(*) > 1;
```

सुटेभाग_विक्री
८७ ओळी आल्या. एक ओळ रिकाम्या ईमेलची आहे, तिच्यात २१४ ग्राहक. बाकी बहुतेक कंपन्यांच्या खरेदी विभागाचे सामाईक ईमेल, प्रत्येकी दोन-तीन शाखा. ही खाती एकत्र करू का?

देखभाल
करू नका. शाखांची बिलं, पत्ते, उधारीची मर्यादा वेगळी असते. एकदा मिसळलं की सोडवणं कठीण. लॉगिनच्या एकाच रकान्यात ईमेल किंवा ग्राहक क्रमांक, दोन्ही चालू ठेवता येतं का ते बघा. जमलं तर निवेदनातलं आणखी एक वाक्य कमी होईल. ते २१४ मात्र मेलने गाठता येणारच नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या साइटच्या लॉगिन पानावर आजपासूनच पट्टी लावा आणि आत आल्यावर ईमेल मागा.

कोरी_पाटी
दोन्ही चालू ठेवलं तर ग्राहक क्रमांक कायमचा गळ्यात पडेल. मी शाखांना वेगळा ईमेल द्यायला लावीन.

सुटेभाग_विक्री
बीक्रिप्टची चाचणी पास झाली, मोकळ्या जागेसकट. पासवर्डचा परिच्छेद काढला. दोन्ही पद्धतींचं लॉगिन जमेल का, ते प्रणाली देणाऱ्यांना विचारलं आहे. त्यांचं उत्तर आलं की इथे लिहितो.