मदत हवी आहे : रक्तदाबाची गोळी, मद्य आणि रात्री उठल्यावर आलेली भोवळ

नदीकाठ
माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी ते रोज सकाळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही एकत्रित गोळी घेतात आणि प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन घेतात. शनिवारी जेवणाआधी त्यांनी व्हिस्कीचे दोन पेग घेतले. रात्री लघवीला उठले तेव्हा उभ्यानेच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कोसळले. क्षणभरात शुद्धीवर आले, डोक्याला मार लागला नाही. सकाळी बसून मोजलेला रक्तदाब १२८/८० भरला, म्हणून ते डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. आकडा चांगला असताना असे का व्हावे?

जुना वाचक
मद्य आणि गोळी यांचा मेळ बसत नाही, हेच कारण आहे. ज्या दिवशी घ्यायचे असेल त्या दिवशी गोळी टाळावी. मी तसेच करतो.

मालती प.
मला कूस बदलताच खोली फिरल्यासारखी वाटे. तो कानाचा दोष निघाला आणि व्यायामाने गेला. त्यांचे कान तपासून घ्यावेत.

वैद्यकशाखा
मालतीताई, खोली फिरणे आणि उभे राहिल्यावर अंधारी येणे यांत फरक आहे. इथे दुसरा प्रकार दिसतो. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरते आणि रक्तवाहिन्या आकसून ते वर राखतात. मद्यामुळे हे आकसणे मंदावते, शिवाय लघवी वाढून अंगातले पाणी कमी होते. टॅमसुलोसिनही वाहिन्या सैल करू शकते आणि त्या एकत्रित गोळीतला एक घटक लघवी वाढवणाराच आहे. हे सारे रात्री एकत्र आले. गोळी टाळण्याचा सल्ला मात्र घेऊ नये : टेल्मिसार्टनचा अंमल एक दिवस चुकवल्याने संध्याकाळपर्यंत ओसरत नाही, आणि गोळ्या वरचेवर चुकवल्या तर रक्तदाब वर जातो.

बसून घेतलेल्या आकड्यावरून हा दोष कळत नाही. पाच मिनिटे आडवे झोपवून मोजा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा, आणि शेजारी कोणीतरी उभे राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घट खरी धरावी.

नदीकाठ
सोमवारी सकाळी मोजले. रविवारी त्यांनी मद्य घेतलेले नव्हते. झोपून १३४/८२, उभे राहून पहिल्या मिनिटाला ११२/७४, तिसऱ्याला १०६/७० आणि थोडे गरगरले. म्हणजे मद्याविनाही घट आहेच?

वैद्यकशाखा
होय, वरचा आकडा २८ ने उतरला आहे. त्यामुळे सारा दोष मद्यावर टाकता येणार नाही. गोळ्यांचा मेळ पुन्हा ठरवायला हवा. कोणती कमी करायची ते डॉक्टर ठरवतील, आपण होऊन एकही बंद करू नका. हे आकडे लिहून याच आठवड्यात न्या. शुद्ध हरपली होती, म्हणून ईसीजीही लागेल. पुन्हा पडले, छातीत दुखले किंवा धडधडले, तर थेट रुग्णालय गाठा. तोवर मद्य पूर्ण बंद, लघवीला बसूनच जाणे, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय खाली सोडून बसणे.

जुना वाचक
माझ्या गोळीत फक्त ॲम्लोडिपिन आहे. मला आजवर काही झाले नाही, तरी हाच नियम का?

वैद्यकशाखा
ॲम्लोडिपिन तर शरीरात आणखी जास्त काळ टिकते, त्यामुळे एक दिवस टाळून काहीच साधत नाही. आपणही उभे राहून एकदा मोजून पाहा.

नदीकाठ
वडील विचारतात, गोळ्या बदलल्यावर एक पेग चालेल का?

वैद्यकशाखा
नव्या गोळ्यांवर उभे राहून मोजलेले आकडे हाती येईपर्यंत मी हो म्हणणार नाही.