हाताने पॅच की नवा सर्व्हर?

जळगावकर: पेट्स आणि कॅटल, म्हणजे सर्व्हर पाळीव प्राण्यासारखा जपायचा की कळपातल्या गुरासारखा बदलायचा, हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. माझे चार सर्व्हर आहेत. पॅच आला की `apt upgrade` मारतो, काम संपतं. चालता सर्व्हर फेकून नवा कशाला उभा करायचा?

धुळ्याची ताई: काम तिथे संपत नाही, भाऊ. अपग्रेडने डिस्कवरची `libssl` लायब्ररी बदलते, पण चालू असलेला `nginx` रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच मेमरीत धरून बसतो. उबंटू 22.04 मध्ये कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या त्याची यादी समोर येते, आणि आपण घाईत एस्केप दाबतो. 2014 च्या हार्टब्लीड बगच्या वेळी नुसतं पॅकेज बदलून म्हणूनच भागत नव्हतं. आत्ता चालवून बघा:

```
sudo lsof | grep DEL | grep libssl
```

एक जरी ओळ आली तरी ती प्रोसेस जुन्यावरच चालली आहे.

भुसावळ_लिनक्स: मग रीबूट करा ना! एवढ्यासाठी सर्व्हर कशाला फेकायचा?

धुळ्याची ताई: रीबूटने लायब्ररीचा प्रश्न सुटतो, हे मान्य. पण रात्री कुणीतरी एकाच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये टाइमआउट वाढवून ठेवतो, त्याचं काय? काही महिन्यांत चार सर्व्हर चार तऱ्हेचे होतात आणि एरर फक्त तिसऱ्यावर येते. आम्ही पॅकर या टूलने पॅचसकट सर्व्हरची इमेज बनवतो, तिच्यावरून नवे सर्व्हर उभे करून लोड बॅलन्सरला जोडतो. हेल्थ चेक पास झाला की मगच जुने काढतो. बिघडलं तर आधीची इमेज तयार असते.

चाळीसगाव जिनिंग: आमच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक अॅड्रेसला बांधलेलं आहे. मशीन बदललं की व्हेंडरच्या मिनतवाऱ्या. ऐन सीझनला गेटवर कापसाचे ट्रॅक्टर उभे होते आणि तो फोन उचलत नव्हता. तुम्ही सांगा खुशाल, नवा उभा करा म्हणून!

भुसावळ_लिनक्स: व्हीएममध्ये टाका. तिथे मॅक आपणच ठरवतो.

चाळीसगाव जिनिंग: यूएसबी डोंगलपण आहे, भो.

भुसावळ_लिनक्स: तोही व्हीएमला पासथ्रू करता येतो.

चाळीसगाव जिनिंग: केलं होतं. होस्ट रीबूट झाला की डोंगल सापडत नाही. काट्यावर उभं राहून शेतकऱ्यांच्या शिव्या तुम्ही खाल्ल्यात का? मग शिकवू नका.

धुळ्याची ताई: दादा, एकुलत्या मशीनला हे लागू आहे असं मी म्हटलंच नाही. बदली उभी करायला जागाच नसेल तर हातानेच पॅच करा. फक्त काय बदललं ते लिहून ठेवा.

जळगावकर: दोन सर्व्हरवर ओळ आली. `nginx` रीस्टार्ट केला. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण ग्राहकांनी अपलोड केलेली बिलं त्याच डिस्कवर आहेत. सर्व्हर काढला की तीही गेली. आणि डेटाबेस? तोही फेकायचा का?

धुळ्याची ताई: बिलं आधी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हलवा, लॉगही बाहेर पाठवा. ते होईपर्यंत एकही सर्व्हर काढू नका. डेटाबेस मीही असा बदलत नाही. आधी रेप्लिका पॅच करते, मग तिला प्रायमरी करते.

जळगावकर: म्हणजे डेटाबेस तुमच्याकडेही पेटच आहे!

धुळ्याची ताई: हो, आहे. म्हणून बाकीचे चारही तसेच पाळायचे का?