शब्दचर्चा: ‘इष्टतमीकरण’ की आणखी काही?

पागोळी: गेम स्टुडिओत टेक्निकल आर्टिस्टच्या जागेसाठी अर्ज करतेय, नुकतीच पदवी झाली आहे. स्टुडिओ छोटा आहे आणि पत्र मराठीत चालेल असं त्यांनीच कळवलंय. एका वाक्यावर अडलेय: ‘मी मोबाइल गेममधल्या धुराच्या शेडरचे इष्टतमीकरण केले.’ ऑप्टिमायझेशनला हाच शब्द ना? वाचताना परीक्षेचं उत्तर लिहिल्यासारखं वाटतंय.

रेघोटी: शेडर म्हणजे पेन्सिलीने छटा भरणारा ना? मग ‘छटाकाम सुधारले’ असं सरळ लिहा. मी स्वतः चित्रकलेच्या कामासाठी अर्ज केला तेव्हा मूळ चित्रं सोबत जोडली होती, त्याचाच उपयोग झाला.

पागोळी: नाही हो, शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. पण काम जोडण्याचं बरोबर आहे, व्हिडिओ जोडतेय.

दोरखंड: ‘इष्टतम’ म्हणजे सगळ्यांत इष्ट, त्यापुढे सुधारायला जागाच नाही असं. तुम्ही तिथवर पोचलात का? नसाल तर शब्द जास्तीचा दावा करतो. ‘अनुकूलन’ही नको, त्यात परिस्थितीशी जुळवून घेण्याचा अर्थ आहे.

चौकट६०: इतका खल कशाला? ऑप्टिमाइझ म्हणजे त्रिकोण कमी करणे. ‘मॉडेलमधील त्रिकोण कमी केले’ लिहा, संपलं.

निळा खिळा: मॉडेल जड असेल तिथे ते खरं आहे, पण धुराचं दुखणं वेगळं असतं. मी स्टुडिओत असे अर्ज वाचतो, म्हणून विचारतो. पागोळी, धूर जड आहे हे तुला कशावरून कळलं?

पागोळी: धूर दिसताना फोनच्या जीपीयूला, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या चिपला, एका फ्रेमला २४ मिलिसेकंद लागत होते. ६० एफपीएससाठी, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमसाठी, साधारण १६.६ मध्ये बसायला हवं. मग रिझोल्यूशन दोन्ही बाजूंनी निम्मं करून बघितलं, तर वेळ ९ वर आला.

निळा खिळा: अगं, मग हेच पत्रात का नाही? पिक्सेल चौथाई झाले आणि वेळ इतका उतरला, म्हणजे भार पिक्सेलांचा. त्रिकोणांचा भार असता तर रिझोल्यूशन कमी करून फारसा फरक पडला नसता. पुढे काय केलंस?

पागोळी: धुराचा प्रत्येक कण म्हणजे एक पारदर्शक चौकोन, आणि ते एकावर एक पडत होते. कोपऱ्यांत धूर नाही, तरी तिथलेही पिक्सेल रंगवले जात होते. म्हणून प्रत्येक चौकोन धुराच्या आकाराभोवती अष्टकोनी कापला आणि कण ६० वरून ३५ केले. वेळ १५ वर आला.

निळा खिळा: चौकट६०, बघा. चौकोनाचे दोन त्रिकोण, अष्टकोनाचे सहा. कण कमी करूनही एकूण त्रिकोण १२० वरून २१० झाले आणि फ्रेम तरीही हलकी झाली. म्हणून ‘त्रिकोण कमी केले’ हे इथे चक्क खोटं ठरेल.

चौकट६०: हे मान्य. मग ‘एफपीएस वाढवला’ तरी लिहा.

निळा खिळा: तेही मिलिसेकंदांतच लिहावं. २० वरून ३० एफपीएस म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंद वाचले, ९० वरून १०० म्हणजे जेमतेम एक. वाढ दोन्हीकडे दहाचीच. आणि पागोळी, कापताना काही बिघडलं का?

पागोळी: हो. धूर फ्लिपबुकचा होता, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांचा, आणि मी पहिल्या चित्रावरून कापलं. पुढच्या चित्रांत धूर पसरला की कडेला सरळ रेष दिसायची. मग सगळी चित्रं एकावर एक ठेवून त्या मोठ्या आकाराभोवती कापलं. कण कमी केल्याने धूर जरा विरळ झाला, तो तसाच आहे.

निळा खिळा: बिघाड आणि विरळपणा दोन्ही लिही. ‘इष्टतमीकरण’वाली पत्रं मला पुष्कळ येतात, त्यातून माणसाने काय पाहिलं ते कळत नाही. काय गमावलं हे सांगणाऱ्याशी बोलावंसं वाटतं.

दोरखंड: मग क्रियापद ‘हलका केला’ घ्या. मराठीत ओझं हलकं होतं, आणि इथे ओझंच कमी झालंय.

पागोळी: असं लिहिते: ‘धुरामुळे जीपीयूला फ्रेममागे २४ मिलिसेकंद लागत होते. रिझोल्यूशन निम्मे करून भार पिक्सेलांचा असल्याची खात्री केली. कणांचे चौकोन सर्व चित्रांना पुरेल अशा बेताने कापून व कण ६० वरून ३५ करून धूर हलका केला. वेळ १५ वर आला, मात्र धूर पूर्वीपेक्षा विरळ दिसतो.’

रेघोटी: ‘धूर हलका केला’ वाचून मला तर तो फिकट केला असंच वाटलं.

निळा खिळा: हं, शेवटी ‘विरळ’ आल्याने तो घोटाळा वाढतोच. मी तरी ‘ऑप्टिमाइझ केला’च ठेवेन, बाकी वाक्यं आता त्याचा अर्थ सांगतातच.

दोरखंड: ‘धुराचा भार हलका केला’ म्हटलं तर?